धोंडूमास्तरांचा दोर

खांद्यात कट्ट झालं आणि लवूचा उजवा हात दोरावरून सुटला.

सकाळचे सव्वानऊ. बायको रत्नप्रभा आठाच्याच पाळीला पार्ल्याच्या बिस्किटांच्या कारखान्यात गेलेली. बाप व्यायामशाळेत. अंधेरी पूर्वेची ती चाळ त्या वेळेला अशी रिकामी होते की नळावरची बादलीसुद्धा कुणी हलवत नाही. लवू खाटेवरून चाकाच्या खुर्चीत उतरत होता. उतरत होता म्हणजे काय, तर तुळईला बांधलेला मल्लखांबाचा दोर दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरायचा, अंग अधांतरी उचलायचं, झोका द्यायचा आणि खुर्चीत पडायचं. अडीच वर्षं तो हेच करत होता. आज डाव्या हातावर सगळं अंग आलं, दोर फिरला, आणि तो खाट आणि खुर्ची यांच्या मधल्या फटीत बसला. बसला कसला, कोंबला गेला.

बेंबीच्या खाली त्याला काही कळत नाही. त्र्याऐंशी साली बोरिवलीला एका नव्या इमारतीत वायरिंग करताना परांचीवरून खाली आला, तेव्हापासून. म्हणजे आता आपला पाय मुडपलाय का, कुल्ला खिळ्यावर आलाय का, हे त्याला हातानं चाचपूनच समजायचं. आणि उजवा हात वर होत नव्हता.

तेव्हा त्याला भीमराज आठवला. नको असताना आठवला.

हॉस्पिटलात शेजारच्या खाटेवर होता. औरंगाबादकडचा, रेल्वेच्या गँगमधला, पत्ते खेळताना बेधडक खोटं बोलणारा. त्याचे हात गेले नव्हते, नुसता कंटाळला होता. अंग उचलेनासा झाला. माकडहाडापाशी आधी लाल डाग पडला, मग रुपयाएवढी जखम, मग मूठ जाईल एवढा खड्डा. त्याला काही दुखत नव्हतं, हाच तर सगळा घोटाळा होता. शेवटच्या आठवड्यात त्या खाटेजवळ येणारा वॉर्डबॉय नाकाला फडकं लावून यायचा. खाट रिकामी झाली त्या दिवशी लवूनं स्वतःशी ठरवलं होतं की हात आहेत तोवर आपण भीमराज नाही.

आता तो फरशीवर पडून उजव्या हाताकडे बघत होता आणि हात त्याच्याकडे बघत नव्हता.

सव्वाअकराला शेजारची वनिता भाकरीचं पीठ मागायला आली म्हणून बरं. दोन माणसं बोलावून तिनं त्याला वर घेतलं. लवू हसत म्हणाला, "काय नाय गं, स्क्रू पडला होता, शोधत होतो." तो आता घरीच पंख्याच्या मोटारी वाइंड करायचा, त्यामुळं ते खपलं. पण रत्नप्रभाला नाही खपलं. संध्याकाळी तिनं त्याच्या मांडीवरचा ओरखडा बघितला, मग त्याच्या हातात कंगवा दिला.

"भांग पाड."

"आत्ता कशाला?"

"पाड म्हणते ना."

त्यानं डाव्या हातानं पाडला. ती खाटेच्या कडेला बसली. 

"लवू, कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"आणि आता शिमगा आला. बरा आहेस रे तू. मी तिकडं बिस्किटं भरते आणि इकडं तू फरशीवर. उद्या रजा टाकते. हॉस्पिटलात जायचं."

"बाबांना सांगू नको."

तिनं त्याच्या हातातला कंगवा काढून घेतला. म्हणजे तिनं कबूल केलं.

*

रिक्षाच्या पाठीमागं घडीची खुर्ची दोरीनं बांधून दोघं गेली. व्यायाम-उपचाराचा विभाग तळमजल्यावर, जिन्याखाली. तिथल्या बाई वनमाला, पन्नाशीच्या, आवाज मास्तरणीचा. त्यांनी त्याला सदरा काढायला लावला आणि नुसत्या बघत राहिल्या.

"छाती पैलवानाची आहे. हात बाजूनं वर कर. हळू."

हात खांद्याच्या उंचीपर्यंत यायच्या आधीच लवूचं तोंड वाकडं झालं. बाईंनी खालून आधार देऊन हात तसाच वर नेला, तर अगदी वर गेल्यावर दुखणं कमी झालं. खाली आणताना पुन्हा तिथंच कळ. मग त्यांनी कोपर कुशीला लावून मनगट बाहेर ढकलायला सांगितलं आणि एका बोटानं अडवलं. पैलवानाच्या छातीचा माणूस, पण त्याला एक बोट ढकलता येईना.

"घरी काय व्यायाम करतोस?"

लवूनं अभिमानानं सांगितलं. सांगताना तो दुखणं विसरला. बाप धोंडू परब, गिरणीतला कामगार, संप झाल्यावर व्यायामशाळेत पूर्णवेळ मास्तर. एके काळी दोराच्या मल्लखांबात त्यांचा हात धरणारा परळ-लालबागला नव्हता. लवू पांगळा होऊन घरी आला तेव्हा डॉक्टरांनी 'बघू' म्हटलं, बापानं मात्र तुळईला दोर बांधला. रोज संध्याकाळी तीन वेळा नुसत्या हातांनी वर. शिवाय खुर्चीच्या दांड्यांवर हात टेकून अंग उचलायचं, शंभर वेळा. आता चाळीतली पोरं बघायला येतात. हनुमान जयंतीला व्यायामशाळेत त्याचं प्रात्यक्षिक आहे, पंधरा फूट.

वनमालाबाईंनी पेन खाली ठेवलं.

"तुझा बाप तुझ्यावर प्रेम करतो. आणि तुझा खांदा खातोय."

लवूला राग आला. पण बाई थांबल्या नाहीत. त्यांनी आपल्या डाव्या मुठीवर उजवा पंजा छपरासारखा धरला. "हा खांद्याचा गोळा, हे वरचं हाड. मधल्या फटीतून शीर जाते, हात फिरवणारी. हात डोक्यावर नेऊन त्याला अख्खं अंग टांगलंस की ही शीर चेपते. एकदा नाही, दिवसातून पन्नास वेळा. तुझ्या पुढच्या स्नायूंना खुराक मिळालाय, मागच्यांना उपास. म्हणून खांदा पुढं ओढला गेलाय आणि फट आणखी बारीक झालीय. त्यात ही खुर्ची. रेक्झीन झोळीसारखं लोंबतंय, त्यात तू कुबड काढून बसतोस. कुबड काढून हात वर करून बघ, मी धडधाकट आहे तरी मलासुद्धा जमत नाही."

"मग दोर हळू करू?"

"दोर बंद."

"बाई, दोर बंद केला तर मी उठू कसा?"

"तेच शिकायचंय. ऐक, घाबरवायला सांगत नाही. खरं तर घाबरवायलाच सांगते. आज ती शीर सुजलीय. फाटली तर कदाचित चाकू लावावा लागेल. मग सहा महिने हातावर भार नाही. सहा महिने तुला खाटेवरून दुसऱ्यानं उचलायचं. तुझे हात हेच तुझे पाय आहेत रे. चालणाऱ्या माणसाचा खांदा गेला तर तो एक हात खिशात घालून हिंडतो. तू कुठं जाशील?"

भीमराजच्या खाटेवर, लवूला वाटलं.  रत्नप्रभानं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

त्या दिवशी बाईंनी जे शिकवलं ते लवूला पोरखेळ वाटलं. खाट आणि खुर्ची एका उंचीवर आणायची आणि मध्ये गुळगुळीत फळी टाकायची. ब्रेक लावायचा, पुढं वाकायचं, डोकं एका बाजूला नेलं की ढुंगण दुसऱ्या बाजूला सरकतं, तसं थोडं थोडं सरकायचं. टांगायचं नाही. दांड्यांवर अंग उचलणंही बंद. त्याऐवजी दर वीस मिनिटांनी कोपरं मांड्यांवर टेकून पुढं वाकून दोन मिनिटं राहायचं, म्हणजे बुडाखालचं रक्त मोकळं होतं आणि खांदाही वाचतो. खुर्चीत फळी आणि त्यावर जाड घट्ट गादी. वरच्या फळीवरची हत्यारं खाली.

मग व्यायाम. टॉवेलाची गुंडाळी पाठीच्या कण्याखाली घालून उताणं पडायचं, हात बाजूला, तळवे वर, दोन मिनिटं, छाती उघडेपर्यंत. सायकलची जुनी ट्यूब खिडकीच्या गजाला कोपराच्या उंचीवर बांधून वल्हं मारल्यासारखी मागं ओढायची, पाठीच्या पात्या जवळ आणायच्या, दहा-दहाचे तीन फेरे. कोपर आणि कूस यांच्यात घडी घातलेला टॉवेल धरून, पातळ ट्यूबनं पंजा बाहेर फिरवायचा. हे एक दिवसाआड. आणि धडासाठी, खाटेच्या कडेला पाय जमिनीला टेकवून बसायचं, हात मांडीवरून उचलायचे, पुढं-बाजूला थोडं लांबवायचं आणि न पडता परत यायचं. समोर कुणीतरी हवंच.

"धड ढिलं असलं की खांद्यालाच सगळं सांभाळावं लागतं," बाई म्हणाल्या. "आणि एक नियम. करताना थोडं खुपलं तर चालेल. दुसऱ्या सकाळीही दुखत असलं तर जास्त झालं, कमी कर. सदरा घालताना दुखरा हात आधी बाहीत. काढताना तो शेवटी. सहा आठवड्यांनी ये."

हनुमान जयंती पाच आठवड्यांवर होती.

*

खाटेच्या कडेला बसून हात मांडीवरून उचलणं. वाचायला काय लागतं. लवूनं पहिल्यांदा उचलले तेव्हा त्याला पुन्हा परांचीवर उभं असल्यासारखं झालं. खाली काहीच नाही. पोटाच्या खालचा भाग दुसऱ्याचा, त्याच्यावर आपण ठेवलेले. तो बाजूला कलला तसं रत्नप्रभानं खांदे धरले.

"धरू नको ना उजवा."

"मग काय धरू, कान?"

तिला हसू आलं, त्याला नाही आलं. त्याला घाम आला होता. पंधरा फूट दोर चढणारा माणूस, चार इंच पुढं वाकायला भीत होता.

आठवडाभरानं धोंडूमास्तरांना ट्यूब दिसली.

"ह्या काय? पंक्चर काढतंस?"

"व्यायाम आहे, बाबा. हॉस्पिटलातल्या बाईंनी दिलाय."

मास्तरांनी ट्यूब दोन बोटांनी ओढून सोडली. "बायल माणसाचो व्यायाम. अरे झिला, डॉक्टर म्हणालो व्हतो ह्यो पडून ऱ्हवतलो. तुका कोणी उठवलो? ह्या दोरान. खांदो दुकता म्हंजे खांदो तयार होता. माका शिकवू नको, तीस वर्सां दोरार काढलीत मी."

रत्नप्रभा मोरीतून म्हणाली, "बाबा, ते परवा पडले होते."

"पडतलोच. पडल्याशिवाय दोर येता काय कोणाक?"

आणि लवू चढला.

हे लिहिताना मला त्याचाच राग येतो, पण तो चढला. बाप दोराला हात लावून उभा होता, त्याच्या डोळ्यांत असं काही होतं की लवूला 'नाही' म्हणता आलं नाही. माणूस मरणाला भितो त्याहून जास्त बापाला भितो, आणि वर त्याला संस्कार म्हणतो. तीन वेळा नाही, एकदाच चढला. दुसऱ्या दिवशी कळ कोपरापर्यंत उतरली. मग त्यानं चोरून दोन्ही चालवलं. दुपारी बाईंचा व्यायाम, संध्याकाळी बापाचा दोर. दुपारी जेवढं भरायचं, संध्याकाळी तेवढं सांडायचं. दर सकाळी जागा झाला की आधी उजवा हात हलवून बघायचा. कट्ट. मग पडल्या पडल्या वाट बघायची, आज कधी फाटेल.

सदरा घालताना तो आता दुखरा हात आधी घालत होता. आणि एका सकाळी, असाच घालत असताना, समोर बाप सदरा घालत होता.

बापानं उजवा हात आधी बाहीत घातला. कोपर कुशीला चिकटवून, डाव्या हातानं बाही वर ओढत. मग मान खाली घालून डावा. टोपी डाव्या हातानं ठेवली. भिंतीवरची पिशवी डाव्या हातानं काढली.

लवूचा हात बाहीत तसाच राहिला. लहानपणापासून त्यानं हे बघितलं होतं. बाप असाच सदरा घालतो, एवढंच त्याला ठाऊक होतं. मग एकेक आठवायला लागलं. दोर बांधायला बापानं शेजारच्या नंदकुमारला चढवलं होतं, "मी खाली धरतंय" म्हणून. व्यायामशाळेत मारुतीला हार घालायचा मान मास्तरांचा, पण ते दर वर्षी अध्यक्षांना पुढं करत. लोक म्हणत, काय नम्र माणूस आहे.

त्याला आनंद नाही झाला.  म्हणजे दोर चढून शेवटी हेच होतं. आणि बापाला माहीत आहे.

*

जयंतीच्या दिवशी व्यायामशाळेत पताका, कर्ण्यावर पांढरी टोपी चढवलेला लाउडस्पीकर, सुंठवड्याचा वास. पटांगणात दोर टांगलेला, त्याला झेंडूची माळ गुंडाळलेली. दोनेकशे माणसं. लवूची खुर्ची दोराखाली आणून लावली. वर बघायला त्यानं मान उचलली तशी खांद्यात कळ गेली. पंधरा फूट. खाली जुनाट गादी. त्यानं मनात हिशेब केला, कितव्या हाताला फाटेल. तिसऱ्या? चौथ्या? खाली आल्यावर पायांना काही कळणार नाही, मोडले तरी. रत्नप्रभा बायकांत उभी होती आणि त्याच्याकडे बघत नव्हती, कारण काल तिनं सांगून ठेवलं होतं, "तू चढलास तर मी तिकडं बघणार नाही. आणि उद्यापासून कामावर जाणार नाही. तुला उचलायला घरी बसते, चल."

धोंडूमास्तर खुर्चीपाशी आले. वाकून हळूच म्हणाले, "भियाव नको. मी आसंय."

तिकडं अध्यक्षांच्या हातात हार दिला जात होता. लवूनं तिकडं बोट केलं.

"बाबा, यंदा मारुतीला हार तुम्ही घाला."

"अध्यक्ष घालतत."

"तुम्ही घाला. मग मी चढतो." आणि आणखी हळू, फक्त त्यांनाच ऐकू जाईल असं, "उजव्या हातानं."

मास्तरांनी त्याच्याकडं बघितलं. लवूनं नजर काढली नाही. लोकांना काय, कुणीतरी ऐकलं आणि ओरडलं, "हां हां, मास्तरच घालू देत." अध्यक्षांनी हार मास्तरांच्या हातात दिला. मारुतीची मूर्ती चौथऱ्यावर, माणसाच्या डोक्याहून वर. देवाला डाव्या हातानं कोण घालतो?

मास्तरांनी हार उजव्या हातात घेतला. हात छातीपर्यंत आला. खांद्याच्या जरा खाली येऊन थांबला. त्यांनी अंग डावीकडं झुकवलं, टाचा उचलल्या, खांदा कानाला लावला. हात हलला नाही. हारातलं एक फूल सुटून खाली पडलं. लाउडस्पीकर खरखरत होता. समोर दोनशे माणसं, आणि लवूला वाटलं, मी दोरावरून पडलो असतो तर बरं झालं असतं.

शेवटी मास्तरांनी हार नंदकुमारच्या हातात दिला. "घाल रे." मग दोरापाशी आले, त्याच्यावरची माळ डाव्या हातानं सोडली आणि लवूच्या मांडीवर ठेवली. लवूला वजन कळलं नाही, पण वास आला.

"आज दोर नाय," मास्तर लोकांना म्हणाले. "पोराचो खांदो दुकता." मग आपला उजवा खांदा धरून, "माझोव."

*

चार दिवस बाप फक्त झोपायला घरी आला. पाचव्या दिवशी करवत घेऊन आला.

"खाट किती उंच व्हयी?"

"खुर्चीच्या गादीएवढी. अडीच इंच कमी करायला हवेत."

मास्तर खाली बसून खाटेचा पाय कापायला लागले. डाव्या हातानं. 

"कधीपासून, बाबा?" लवूनं विचारलं.

"एकुणसाठ साली. दोरार असतानाच फाटलो. आवाज इलो." करवत थांबली. "कोणाक सांगूक नाय. मास्तराचो हात जाता काय? गिरणीत डाव्यान केलंय. पाय व्हते, म्हणान निभावला." पुन्हा करवत. "तुका नायत, ह्या माका कळाक व्हया व्हता."

  लवूला बापाला माफ करावंसं वाटलं, आणि गळा धरावासाही वाटला, आणि गळा धरायला खांदा नव्हता.

तुळईवरचा दोर नंदकुमारनं काढला. त्या रिकाम्या तुळईकडं बघून लवू त्या रात्री झोपला नाही. दोर वाईट होता, पण होता.

दोर काढल्यावर सहा आठवड्यांनी एका सकाळी रत्नप्रभा कामाला निघाली. तोवर खुर्चीत उतरताना लवूसमोर कुणीतरी असायचंच. बाप व्यायामशाळेत जायला निघाला आणि दारातच रेंगाळला. मधल्या काळात दुपारी तो खाटेसमोर स्टुलावर बसून आकडे मोजायचा. "आठ. नऊ. हळू, झिला. धा." ट्यूबला तो आता पंक्चर म्हणत नव्हता. वनमालाबाईंनी पुन्हा तपासताना लवूनं त्यांचं बोट ढकललं होतं, पण त्या लगेच म्हणाल्या होत्या, "उड्या मारू नको. हा खांदा आता जन्मभर सांभाळायचाय." हात वर नेताना त्या एका जागी अजून खुपायचं.

"थांबू?" मास्तरांनी विचारलं.

"नको. दार ओढून घ्या."

दार लागलं. पण बाहेर चपलांचा आवाज गेला नाही.

लवूनं खुर्ची खाटेला तिरकी लावली. ब्रेक ओढला, दोनदा तपासला. फळी एका टोकानं बुडाखाली सरकवली, दुसरं टोक गादीवर. फटीत फरशी दिसत होती, तीच, जिच्यावर तो दोन तास पडला होता. हात आपोआप वर गेला, दोर शोधायला. तिथं काही नव्हतं. त्यानं हात खाली घेतला.

डोकं खिडकीकडं, ढुंगण खुर्चीकडं. एक बोट सरकला. खांद्यात कट्ट वाजलं आणि तो तिथंच गोठला, अर्धा फळीवर, ना खाटेचा ना खुर्चीचा. भीमराज कोपऱ्यात पत्ते पिसत बसला होता. लवू वाट बघत राहिला. कळ आली नाही. नुसताच आवाज होता.

तो आणखी एक बोट सरकला. मग आणखी एक.

बाहेरून दाराच्या फटीतून बापाचा आवाज आला, अगदी हळू. तो मोजत होता.